त्रिकोणी पत्र्याचं सरासरी तापमान: दोन रीतींनी उत्तर एकच येतं, तरी चूक?

सायली_रंकाळा

नमस्कार मंडळी. दुसऱ्या सेमला आहे, पुढच्या आठवड्यात गणिताचा पेपर आहे आणि एका गणितावर दोन दिवस अडकलेय.

काटकोन त्रिकोणी धातूची प्लेट आहे. काटकोनाच्या भुजा ६० सेंमी आणि ४० सेंमी. काटकोनाचा कोपरा (०, ०) धरायचा आणि x, y दहा-दहा सेंटिमीटरच्या मापात मोजायचे, म्हणजे बाकीचे कोपरे (६, ०) आणि (०, ४). तापमान असं दिलंय:

```
T(x, y) = 240 - 5x² - 10y²
```

प्लेटचं सरासरी तापमान काढा.

मी आधी तिन्ही कोपऱ्यांवरचं तापमान काढलं: २४०, ६० आणि ८०. बेरीज ३८०, भागिले तीन, १२६.६७. हे फारच आळशी वाटलं म्हणून रीतसर डबल इंटिग्रेशन केलं. x शून्य ते सहा, y शून्य ते चार, आणि आलेल्या उत्तराला २४ ने भागलं. परत १२६.६७! दोन वेगळ्या वाटांनी गेले आणि एकाच घरी पोचले, म्हणून निर्धास्त झाले. पुस्तकात मागे बघते तर १८३.३३. मैत्रीण म्हणते पुस्तकाची छपाई चुकली असणार. खरं काय?

भावड्या_कळंबा

सोपं आहे की. त्रिकोणाची सरासरी म्हणजे गुरुत्वमध्यावरची किंमत. तिन्ही मध्यगा जिथं भेटतात तो बिंदू (२, ४/३). तिथं T घाल: २४० वजा २० वजा १७.७८, उत्तर २०२.२२. तुझंबी चूक आणि पुस्तकबी चूक 😄 एवढ्यासाठी कशाला इंटिग्रेशन करत बसायचं.

सायली_रंकाळा

आता तीन उत्तरं झाली. छान.

निवृत्त_मास्तर

सायली, पुस्तक बरोबर आहे. तुझ्या दुसऱ्या रीतीपासून सुरुवात करू, कारण ती चूक मी पेपर तपासताना वर्षानुवर्षं पाहिली आहे.

x शून्य ते सहा आणि y शून्य ते चार घेतलंस, तेव्हा तू त्रिकोण सोडून पूर्ण आयत घेतलास. त्या आयताचा चौथा कोपरा (६, ४). तिथं T काढून बघ: २४० वजा १८० वजा १६०, म्हणजे उणे १००. जिथं लोखंडच नाही, तिथलं शून्याखाली शंभर अंश तापमान तू तुझ्या प्लेटच्या माथी मारलंस.

आता बरोबर कसं करायचं ते. (x, ०) पाशी उभी राहा आणि सरळ वर चालायला लाग. कर्ण लागला की थांबायचं. कर्णाचं समीकरण x/६ + y/४ = १, म्हणून तिथं y ची किंमत ४ − २x/३. डाव्या कडेला, x = ० असताना, चार एकक चालता येतं; x = ३ ला दोनच; आणि x = ६ ला पाऊल टाकायलाही जागा नाही. ही कमी होत जाणारी लांबीच आतल्या इंटिग्रेशनची वरची लिमिट. सगळं लिहिलं तर असं:

```
∫ (x: 0 → 6) ∫ (y: 0 → 4 - 2x/3) (240 - 5x² - 10y²) dy dx
```

तीन तुकडे वेगळे केलेस तर हातानं दहा मिनिटांत होतं. नुसत्या २४० चं इंटिग्रेशन म्हणजे २४० गुणिले क्षेत्रफळ १२, म्हणजे २८८०. x² चं या त्रिकोणावरचं इंटिग्रेशन ७२ येतं, पाचानं गुणून ३६०. y² चं ३२, दहानं गुणून ३२०. २८८० मधून दोन्ही वजा केले की २२००. भागिले १२, १८३.३३.

भागताना १२ नेच भागायचं. काही मुलं इंटिग्रेशन आयतावर करतात आणि भागतात त्रिकोणाच्या क्षेत्रफळानं. मग २५३.३३ येतं. ते निदान पकडता येतं, कारण प्लेटवर सगळ्यात तापलेला बिंदू २४० चा आहे आणि सरासरी त्याच्या वर जाऊच शकत नाही. तुझं १२६.६७ मात्र ६० आणि २४० च्या मध्ये गुपचूप बसलं, म्हणून त्या चाळणीतून सुटलं.

सायली_रंकाळा

सर, लिमिटची चूक कळली. उणे शंभर वाचून हसूच आलं. पण मग कोपऱ्यांच्या सरासरीचं उत्तर त्या चुकीशी दशांशापर्यंत कसं जुळलं? खरी फसले मी तिथं. योगायोग?

निवृत्त_मास्तर

चांगला प्रश्न. योगायोग आहे, पण तुझ्या फंक्शननं घडवून आणलेला.

फक्त x² बघ. तीन कोपऱ्यांवर त्याच्या किंमती ०, ३६, ०. सरासरी १२. आता आयतावर x² ची सरासरी काढ, तीही ३६ चा तिसरा हिस्सा, म्हणजे १२. y² चंही तसंच, दोन्हीकडे १६ चा तिसरा हिस्सा. एकीकडे तीन हा आकडा कोपरे तीन म्हणून आला, दुसरीकडे x² च्या इंटिग्रेशनमधून आला. दोन तिनांची रस्त्यात गाठ पडली, इतकंच. खऱ्या त्रिकोणावर x² ची सरासरी ६ आहे, म्हणजे सहावा हिस्सा.

फंक्शनमध्ये xy ची एक संज्ञा टाक, जोडी लगेच फुटते. कोपऱ्यांवर xy ची सरासरी शून्य, आयतावर ६ आणि खऱ्या त्रिकोणावर २.

भावड्या_कळंबा

सर, पण गुरुत्वमध्याचं आम्हाला शिकवलंय. ते खोटं कसं असेल?

निवृत्त_मास्तर

खोटं नाही, अर्धं आहे. तापमान जर १०० + ३x − २y असं सरळ उतारासारखं असेल, तर गुरुत्वमध्यावरची किंमत हीच सरासरी, आणि कोपऱ्यांची सरासरीही तीच. अशा वेळी भावड्या जिंकला, इंटिग्रेशनची गरज नाही.

इथं मात्र फंक्शन घुमटासारखं आहे. तिन्ही कोपऱ्यांच्या उंचीवर एक ताणलेला सपाट कागद ठेवला, तर घुमट सगळीकडे त्याच्या वर फुगलेला राहील. म्हणून कोपऱ्यांची सरासरी कमी पडते. उलट गुरुत्वमध्यावर घुमटाला टेकवून एक फळी ठेवली, तर घुमट सगळीकडे फळीखाली राहतो, म्हणून तिथली किंमत जास्त येते. खरी सरासरी या दोघींच्या मध्ये: १२६.६७, मग १८३.३३, मग २०२.२२. आकार घुमटाऐवजी वाटीसारखा असेल तर क्रम उलटा होतो. म्हणजे तुमची दोन्ही चुकीची उत्तरं निदान कुंपण घालायच्या कामाची आहेत.

कोडवाला_वडगाव

मास्तर, माफ करा, पण मी दोन मिनिटांत कॉम्प्युटरवर करून बघितलं. त्रिकोणात दहा लाख बिंदू कुठंही टाकले आणि सरासरी घेतली. उत्तर १६२.२ च्या आसपास येतंय, परत परत चालवलं तरी. लिमिट तुमचीच वापरली आहे, कर्णापर्यंतची.

```python
import random
n = 1000000
s = 0
for i in range(n):
    x = random.uniform(0, 6)
    y = random.uniform(0, 4 - 2*x/3)
    s += 240 - 5*x*x - 10*y*y
print(s/n)
```

एकही बिंदू त्रिकोणाबाहेर जात नाही, तपासलंय. आता हे चौथं उत्तर कुठून आलं?

गुळव्याचा_नातू

धागा वाचून लई बरं वाटलं. आमचं शिये बाजूला गुऱ्हाळ आहे. काहिलीतल्या रसाचं तापमान मध्यात एक आणि कडेला एक असतंय. आजोबा नुसतं उकळीकडं आणि फेसाकडं बघून सांगायचे की आता उतरवा. मी टेम्परेचर गन घेतलीय आणि मध्य अधिक कडा भागिले दोन करतोय. सरासरी ११८ झाली की काहिल उतरवायची, असं केलं तर चालेल का? गूळ कधी कडक होतोय, कधी चिकट.

निवृत्त_मास्तर

नातू, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण थोडक्यात सांगतो. गोल काहिलीत मध्य आणि कडा यांची अर्धी-अर्धी सरासरी सगळ्या वेळा चालत नाही, कारण कडेजवळ जागा जास्त असते. तापमान मध्यापासून कडेपर्यंत सरळ रेषेत बदलत असेल तर मध्याला एक हिस्सा आणि कडेला दोन हिस्से वजन द्यावं लागतं. अंतराच्या वर्गानं बदलत असेल तर मात्र तुमचं भागिले दोन अगदी बरोबर निघतं.

पण मुळात काहिल उतरवायला सरासरी हवी कशाला? शेवटी शेवटी तुम्ही रस सारखा ढवळत असता, सगळीकडे तापमान जवळपास एकच असतं. आणि गन फक्त वरचा फेस आणि वाफ बघते, आतला पाक नाही. पाकात बुडवायचा थर्मामीटर घ्या.

गुळव्याचा_नातू

व्हय, ढवळतो तर खरंच. फेसाचं डोक्यात आलं नव्हतं. पण आजोबा बी फेसच बघायचे की!

सायली_रंकाळा

कोडवाला दादा, मला वाटतं तुमचं सापडलं. चूक असेन तर सांगा.

तुम्ही x शून्य ते सहा सारख्याच शक्यतेनं घेताय. म्हणजे x शून्य ते एक या पट्टीत जेवढे बिंदू पडतात, तेवढेच पाच ते सहा या पट्टीतही पडतात. पण पहिल्या पट्टीचं क्षेत्रफळ मी काढलं, ते ३.६७ आहे आणि शेवटच्या पट्टीचं फक्त ०.३३, म्हणजे अकरा पट फरक. टोकाच्या चिंचोळ्या जागेत तुमच्या बिंदूंची चेंगराचेंगरी होतेय आणि ती जागा थंड आहे, ६० कडची. म्हणून सरासरी खाली ओढली जाते.

मास्तरांनी उभ्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली होती. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक पट्टीची आधी सरासरी निघते आणि मग त्या सरासऱ्यांची सरासरी. छोट्या पट्टीला मोठ्या पट्टीएवढाच मान. हातानं करून बघितलं, २४० − ६० − १७.७८ = १६२.२२. तुमचंच उत्तर.

कोडवाला_वडगाव

मान गये! बिंदू आत आहेत एवढंच बघितलं, सारखे पसरलेत का ते बघितलंच नाही. आता आधी आयतात बिंदू टाकतोय आणि कर्णापलीकडं गेला तर घडी घालून आत घेतोय. आतल्या y ची ओळ अशी बदलली आणि खाली एक अट वाढवली:

```python
    y = random.uniform(0, 4)
    if x/6 + y/4 > 1:
        x, y = 6 - x, 4 - y
```

१८३.३ येतंय. मास्तरांना दंडवत, आणि सायलीला तांबड्या रश्श्याचं जेवण माझ्याकडून.

निवृत्त_मास्तर

शाबास सायली. पेपरात हेच वेगळ्या वेषात येतं, तेव्हा लक्षात ठेव: वर्गांच्या सरासऱ्यांची सरासरी काढताना कुठल्या वर्गात मुलं किती, हे विचारावंच लागतं.

उद्यमनगरकर

मी शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशन करतो. गणित दहावीपर्यंतचं, पण त्रिकोणी प्लेटी रोज हातात असतात, खांब आणि तुळईच्या जोडाला गसेट म्हणून लावतो. मला विचारायचंय की याचा धंद्यात उपयोग काय? प्लेट कोपऱ्यावर टॉर्चनं तापवली की मी गन मारून कोपरे बघतो. डबल इंटिग्रेशन करायला मला तापमानाचं सूत्र कोण देणार?

निवृत्त_मास्तर

उपयोग असा. प्लेटमध्ये एकूण किती उष्णता साठली आहे ते सरासरी तापमानावरून ठरतं. सायलीच्या मापाची १० मिमी जाडीची लोखंडी प्लेट साधारण ९.४ किलो भरते. खोली ३० अंशावर असेल आणि सरासरी १८३ असेल, तर साठलेली उष्णता सुमारे ७०० किलोज्यूल. कोपऱ्यांची सरासरी धरून हिशेब केलात तर ४५० च्या आतच येते. एवढी तफावत पाण्यात बुडवून गार करताना कळते, पाणी तुमच्या अंदाजापेक्षा जास्त तापतं. जाडी सगळीकडे सारखी हवी, हे गृहीत धरलंय. एका बाजूला जाड असेल तर जाड भागाला जास्त वजन द्यावं लागेल.

सूत्र नसताना काय करायचं, तर कोपऱ्यांवर गन मारू नका. तिन्ही बाजूंच्या मध्यबिंदूंवर मारा आणि त्या तिघांची सरासरी घ्या. सायलीच्या फंक्शनवर करून दाखवतो. तळाच्या बाजूचा मध्य (३, ०), तिथं १९५. उभ्या बाजूचा (०, २), तिथं २००. कर्णाचा (३, २), तिथं १५५. बेरीज ५५०, भागिले तीन, १८३.३३. इंटिग्रेशनशिवाय नेमकं उत्तर.

सायली_रंकाळा

काय?! सर, हे आधी का नाही सांगितलंत?

निवृत्त_मास्तर

कारण मग इंटिग्रेशन शिकली नसतीस 😄 आणि पेपरात पायऱ्यांना गुण असतात.

ही युक्ती नेमकी तेव्हाच, जेव्हा फंक्शनमध्ये x², xy, y² च्या पुढं काही नसतं. x³ आला की थोडी चुकते. त्रिकोण काटकोनच हवा असं मात्र नाही, कुठलाही चालतो.

भावड्या_कळंबा

सर, पण टॉर्च प्लेटच्या मधोमध धरला तर? बाजूंचे मध्य थंडच राहणार आणि मधला लाल ठिपका कुणाच्या खिजगणतीतच नाही.

निवृत्त_मास्तर

हे मात्र अगदी बरोबर बोललास. तिथं ही युक्ती सपशेल हरते. बाजूंचे मध्य जोडून त्रिकोणाचे चार छोटे त्रिकोण करायचे आणि प्रत्येकावर तीच युक्ती लावायची. तरी ठिपका लहान असेल तर आणखी बारीक करावं लागेल.

उद्यमनगरकर

आज दुपारी करून बघितलं. अशीच ६० बाय ४० ची प्लेट, खडूनं खुणा केल्या, काटकोनाचा कोपरा टॉर्चनं तापवला, टॉर्च बाजूला केला आणि गन मारली. कोपरे: २१२, ४८, ५५. बाजूंचे मध्य: ९६, १०४ आणि कर्णावर ५०. गुरुत्वमध्यावर ७४.

कोपऱ्यांची सरासरी १०५ येते आणि मध्यांची ८३. इथं कोपऱ्यांची जास्त भरली, सायलीच्या उलट.

सायली_रंकाळा

काका, म्हणजे तुमची वाटी आहे आणि माझा घुमट! टॉर्चजवळ तापमान एकदम उंच आणि मग झपकन खाली. तुमचं ७४ हे ८३ च्या खाली आहे आणि १०५ हे ८३ च्या वर, म्हणजे सरांच्या उलट्या क्रमात बरोबर बसतंय.

निवृत्त_मास्तर

बरोबर. आणखी एक तपासणी करता येते. x², xy, y² पर्यंतच्या फंक्शनला गुरुत्वमध्याचे तीन हिस्से आणि कोपऱ्यांच्या सरासरीचा एक हिस्सा घेतला तरी तेच उत्तर यायला हवं. सायलीचं येतं: २०२.२२ तीनदा, १२६.६७ एकदा, भागिले चार, १८३.३३. तुमचं ७४ तीनदा आणि १०५ एकदा, भागिले चार, ८१.७५. मध्यांवरून ८३.३. दीड अंशाचा फरक पडला. म्हणजे तुमच्या प्लेटचं तापमान वर्गाच्या सूत्रात पूर्ण बसत नाही, किंवा मोजण्यात काहीतरी आहे. चार त्रिकोण करून नऊ मध्यबिंदूंवर मोजा.

उद्यमनगरकर

नऊ मोजायला गेलो होतो, सर. सातवं वाचन घेईपर्यंत पहिल्या खुणेवर परत गन मारली तर ९६ चे ८९ झालेले. लोखंड थांबतंय होय आपल्यासाठी?

आणि दुसरं एक. एक खूण मी ग्राइंडरनं घासलेल्या चकचकीत जागेवर केली होती. तिथं गननं ३८ दाखवलं, बाजूलाच काळ्या पपडीवर ५५. हात लावून बघायचं धाडस नाही झालं, पण दोन्ही जागा बोटभर अंतरावर आहेत.

कोडवाला_वडगाव

काका, चकचकीत धातूवर गन कमीच दाखवते, तो आजूबाजूची उष्णता परावर्तित करतो आणि स्वतःची कमी सोडतो. सगळ्या खुणांवर उष्णतेत टिकणारा काळा मॅट रंग मारा, मग सगळीकडं एकाच मापानं मोजलं जाईल. आणि वाचनं मी वेळेसकट लिहून घेतो, गार होण्याचा हिशेब मागून वजा करू.

भावड्या_कळंबा

नाहीतर नऊ पोरं नऊ गना घेऊन उभी करा आणि एक-दोन-तीन म्हणा.

उद्यमनगरकर

पोरं आहेत, गन एकच आहे. उद्या काळा रंग आणून ठेवतो. कोडवाला, तू साडेचारला ये, पण जेवून ये. सायलीला रस्सा द्यायचाय तो तुझा वेगळा हिशेब.